जरा उजेडात नेऊन बघू

दुपारी पार्सल आलं. रात्री अकराला, झोप येत नाही म्हणून मागवलेली साडी. माझ्या आठवणीत ती मोतिया होती, राखाडी काठांची. पिशवीतून निघाली पांढरीफटक, आकाशी काठांची. हे म्हणाले, "ड्यूटीवर निघालीस वाटतं."

भांडायच्या तयारीने मी कॉम्प्युटरवर तीच साडी पुन्हा उघडली. तिथेही पांढरीच! दुकानदाराचं काही चुकलं नव्हतं. सूर्य मावळला की माझा पडदा पिवळा होतो, आणि तो तसा करून ठेवलाय मीच. कॉम्प्युटरच्या Night light मध्ये, म्हणजे नाईट मोडमध्ये, जाऊन Sunset to sunrise निवडलं, ते पार विसरूनही गेले.

भाच्याने मग समजावलं. पडद्यावरचा पांढरा म्हणजे लाल, हिरवा आणि निळा सारख्या जोराने पेटलेले. नाईट मोड निळ्याचा जोर काढतो, हिरव्याचाही थोडा. केल्विन हे तापमानाचं माप, पण त्यातच प्रकाशाचा रंगही सांगतात; आकडा लहान तितका उजेड पिवळा. ३४०० केल्विनच्या आसपास निळा जवळजवळ निम्म्यावर येतो. मग पांढऱ्याचा मोतिया होणार आणि आकाशीतलं आकाश जाणार. वर आपले डोळे इतके मनमिळाऊ, की थोड्याच वेळात त्या पिवळ्याला सरावतात आणि काही बदललंय हे सांगतसुद्धा नाहीत.

हे केल्विन प्रकरण मला लहानपणापासून छळतंय, फक्त नाव माहीत नव्हतं. आमच्या माजघरात साठचा पिवळा बल्ब होता. "पोरांच्या डोळ्यांना बरी" म्हणून बाबांनी ट्यूबलाइट आणली. ती तीनदा फडफडून लागली आणि आजी म्हणाली, "शी, सगळे आजारी दिसताय." तो बल्ब असेल २७०० केल्विनचा, ट्यूब ६५००ची. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं. म्हणजे जास्त तापलेला तो निळ्याकडे झुकणारा. आणि त्यालाच खोक्यावर 'कूल' छापतात. आजीला हे सांगितलं असतं तर तिने खोकं आणि बाबा, दोघांनाही फटकारलं असतं.

आई मात्र पक्की. दुकानात साडी पसंत पडली की ती घेऊन थेट पायरीवर यायची. "जरा उजेडात बघू." पदर उन्हात धरायची, काठ उलटवायची, आणि गादीवरचे शेठजी तोवर दुसरीकडे बघत बसायचे. मी पायरीवर चपला सांभाळत उभी. त्या वेळी लाज वाटायची.

असो. हा पिवळेपणा घेतला होता डोळ्यांसाठी. मुद्रितं तपासते, त्यामुळे संध्याकाळी डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं. पिवळं करूनही वाळू होतीच. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि विचारलं, "पापण्या मिटता का?" आता हे काय विचारणं झालं? पण पडद्याकडे टक लावली की माणूस पापण्या कमी मिटतो, डोळे कोरडे पडतात. निळ्या रंगावर राग काढून ते ओले होत नाहीत. त्यांनी सांगितलं, वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवर बघा. माझ्या खिडकीपासून वीस फुटांवर शेजारच्यांची बाल्कनी आहे. दर वीस मिनिटांनी मी त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघते. त्यांचा काय समज झालाय कोण जाणे.

खरा फरक पडला तो वेगळ्याच गोष्टीने. नाईट मोड रंग बदलतो, पण पडद्यामागचा दिवा दुपारी होता तेवढाच पेटलेला राहतो. भाच्याने Twinkle Tray नावाचा छोटा प्रोग्रॅम टाकून दिला. तो केबलमधूनच मॉनिटरला निरोप धाडतो: उजेड संध्याकाळी सातला चाळीस टक्के, रात्री दहाला वीस. पहिल्या दिवशी मॉनिटरने दादच दिली नाही, कारण असे निरोप ऐकण्याची सोय, DDC/CI, त्याच्या स्वतःच्या मेन्यूत बंद होती. ती चालू केल्यावर ऐकायला लागला. हे आकडे माझ्या खोलीचे. ते ठरवले कोऱ्या कागदाने: टेबलावरचा दिवा लावायचा, कागद पडद्याशेजारी धरायचा. पडदा कंदिलासारखा उजळ दिसला तर जास्त, मळकट दिसला तर कमी. दोन्ही एकाच घरातले वाटले की थांबायचं. अंधारात बसून पडदाच वीसवर आणायचा, हा आळस मी करून पाहिलाय. अक्षरं शोधायला भुवया आकसतात आणि कपाळ दुखतं.

Sunset to sunrise मात्र काढून टाकलं. पुण्यात ते जुलैत सव्वासातला पिवळं व्हायचं, नोव्हेंबरअखेर सहालाच, चहाचा कप हातात असतानाच. आता ठरलेली वेळ, रात्री नऊ. नऊनंतर खरेदी बंद, असंही ठरवलंय. बघू.

साडी परत करायची मुदत आहे अजून. काल रात्री टेबलावरच्या पिवळ्या दिव्याखाली पसरून पाहिली. मोतिया म्हटली तर मोतिया.