एकशे दोन ताप आणि वर गोधडी

तापात मला सगळ्यात विचित्र वाटतं ते म्हणजे थंडी. अंग तापायला लागलंय, आणि माणूस मात्र पाय पोटाशी घेऊन कुडकुडतोय, वर "पंखा बंद करा रे" म्हणून ओरडतोय. मे महिन्यात, मुंबईत. उलट भर दुपारी उन्हातून आलेला माणूस तेवढाच तापलेला असतो आणि तो शर्ट काढून थेट पंख्याखाली बसतो. दोघांनाही हात लावला तर गरमच लागणार, मग एकाला थंडी आणि दुसऱ्याला उकाडा का?

उत्तर असं की मेंदूला "किती गरम आहे" याच्याशी फारसं देणंघेणं नसतं, त्याला "ठरवलंय त्यापेक्षा कमी की जास्त" एवढंच कळतं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे, रक्ताचं तापमान आणि कातडीकडून येणाऱ्या बातम्या तिथे जुळवल्या जातात. एरवी सेटिंग साधारण ९८.६ ला असतं, एसीच्या रिमोटवर असतं तसं. इन्फेक्शन झालं की पांढऱ्या पेशी रक्तात निरोप सोडतात, त्यामुळे मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन ई-२ नावाचं रसायन तयार होतं आणि ते जाऊन हे सेटिंग वर सरकवतं. समजा १०३ ला. आता तुमचं अंग ९९ ला आहे, म्हणजे मेंदूच्या हिशोबाने तुम्ही चार अंश गारठलेले आहात, बस्स, इथून पुढे जे काही होतं ते सगळं थंडीत होतं तेच.

आधी कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, कारण उष्णता बाहेर जाते ती मुख्यतः कातडीतून. म्हणून ताप चढताना पोट-पाठ भट्टीसारखी आणि हातपाय गारढोण, आई घाबरून म्हणते "पाय बघ किती गार पडलेत, ताप उतरला वाटतं". उतरला नाही, अजून चढतोय, गार पाय हीच त्याची खूण. मग अंगावर काटा, त्याचा आपल्याला काही उपयोग नाही कारण फुगवायला अंगावर केसच फारसे उरलेले नाहीत, मांजराला होत असेल. आणि मग थरथर. स्नायू विनाकारण आखडतात-सुटतात, काम काहीच नाही, सगळी उष्णता. हिशोब मांडला तर साठ किलोच्या माणसाचं अंग दोन सेल्सिअसने, म्हणजे साडेतीन-चार फॅरनहाइटने, तापवायला साधारण १०० किलोकॅलरी लागतात, आणि नुसतं पडून राहिलं तरी शरीर तासाला ६०-७० किलोकॅलरी बनवतच असतं. म्हणजे बाहेर जाणारी वाट अडवायची आणि वरून थोडं थरथरायचं, तासा-दोन तासांत १०३ गाठता येतात. यात बिघाड वगैरे काही नाही, फार शिस्तीत चाललेलं काम आहे हे.

गाठले की थंडी थांबते. हे मला फार गमतीचं वाटतं, थर्मामीटर सगळ्यात वर असतो तेव्हा माणूस त्यातल्या त्यात शांत असतो, डोळे मिटून पडलेला, अंग दुखतंय पण ना थंडी ना उकाडा, हातपायही गरम झालेले. मग क्रोसिन घेतलेली असते ती कामाला लागते. पॅरासिटामॉल ताप "थंड" करत नाही, ते मेंदूत ते प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाही, सेटिंग परत खाली येतं. आणि आता तोच मेंदू बघतो की अरे हे तर चार अंश जास्त गरम आहे, लगेच कातडीच्या वाहिन्या मोकळ्या, चेहरा लाल, घाम फुटतो, गोधडी लाथेने खाली. म्हणजे थर्मामीटरवर १०१ हा आकडा दोनदा येतो, एकदा चढताना आणि एकदा उतरताना. पहिल्या १०१ ला दात वाजतात, दुसऱ्या १०१ ला बनियन भिजतं. नुसता आकडा विचारून पेशंट कुठे आहे ते कळत नाही, त्याला पांघरूण हवंय की नकोय ते विचारा.

म्हणून गोधडीवरून घरोघरी जी भांडणं होतात (आजी घालते, डॉक्टर काढायला सांगतात) त्यात मी दोघांच्याही बाजूचा आहे. मोठ्या माणसाला हुडहुडी भरलीये तोवर एक हलकी चादर असू दे, ओढून काढलीत तर तो जास्त थरथरेल आणि १०३ ला जायचं तर जाईलच, फक्त हाल करून. घाम सुटला की काढा. तान्ह्या बाळाला मात्र गुंडाळू नका, ते लाथेने पांघरूण काढू शकत नाही. बर्फाच्या पाण्याने पुसण्याचंही तेच, कातडी गार पडली की वाहिन्या पुन्हा आकसतात, थरथर सुरू, वरून गार आतून गरम. पुसायचंच असेल तर कोमट पाणी. कपाळावरच्या यू-डी-कोलनच्या पट्टीने बरं वाटतं हे खरं, पण कपाळ ते केवढं, त्यातून किती उष्णता जाणार.

पांघरूण मागणं हासुद्धा तापाचाच भाग आहे हे अमेरिकेतल्या एका वाळवंटी सरड्याने दाखवून दिलंय. सरड्याला स्वतःची उष्णता बनवता येत नाही, गरम जागी जाऊन बसणं एवढंच त्याच्या हातात. सत्तरच्या दशकात मॅथ्यू क्लुगर आणि सहकाऱ्यांनी या सरड्यांना बॅक्टेरिया टोचले तर ते नेहमीपेक्षा गरम कोपऱ्यात जाऊन बसले, म्हणजे चालत जाऊन ताप आणला! मग १९७५ मध्ये त्यांनी आजारी सरड्यांना जागा निवडूच दिली नाही, वेगवेगळ्या तापमानात कोंडून ठेवलं. ३४ सेल्सिअसमधले सगळे मेले, ४२ मधले बहुतेक वाचले. माणसाचं गणित लगेच असंच लावू नये, आपल्याला दर सेल्सिअस अंशामागे दहा-बारा टक्के जास्त इंधन जाळावं लागतं, हृदयाचा किंवा दम्याचा पेशंट असेल तर तो खर्च झेपत नाही. पण १०० तापाला लगेच गोळी शोधायची घाई मी तरी करत नाही.

आता तो उन्हातला माणूस. त्याचं सेटिंग ९८.६ लाच आहे, मेंदू जिवाच्या आकांताने थंड करायला बघतोय, वाहिन्या पूर्ण उघड्या, घाम वाहतोय. एक ग्रॅम घाम उडून गेला की अर्ध्या किलोकॅलरीपेक्षा जास्त उष्णता घेऊन जातो, पण उडून गेला तर! कोकणात, मुंबईत हवाच ओली, घाम नुसता ओघळतो आणि ओघळलेला घाम फुकट. विदर्भात हवा कोरडी म्हणून घाम छान उडतो, पण ४५-४६ मध्ये हवाच अंगापेक्षा गरम, आणि पाणी संपलं की तीही वाट बंद. इन्फेक्शनचा ताप सहसा १०६ च्या पुढे जात नाही, मेंदूचा हात असतो त्यावर. उष्माघातात हातच सुटलेला असतो, १०४, १०६, पुढेही, आणि माणूस असंबद्ध बोलायला लागतो, झोकांड्या खातो. हे दिसलं की क्रोसिन देऊन उपयोग शून्य, जे सेटिंग वर गेलेलंच नाही ते ती खाली काय आणणार? वर म्हटलेला कोमट पाण्याचा नियमही इथे लागू नाही. सावलीत न्या, कपडे सैल करा, मिळेल तेवढं गार पाणी अंगावर ओता, जोरात वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका, ठसका लागतो. खिशात कांदा सापडला तर तो नंतर भाजीत घाला.