प्रहर घड्याळात बसवताना

‘पहिला प्रहर म्हणजे सकाळी सहा ते नऊ, दुसरा नऊ ते बारा, असंच ना?’

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. कुठला राग कधी गायचा एवढंच ठरवायचं असेल तर हा हिशेब पुरतो. जुना कागद वाचताना मात्र तो अर्धा-पाऊण तास चुकवतो. मी मोडी कागद वाचतो, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे फार येतो.

सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या वेळेचे चार सारखे भाग म्हणजे दिवसाचे प्रहर. सूर्यास्तापासून पुढच्या सूर्योदयापर्यंतचे चार भाग म्हणजे रात्रीचे. दिवस लांबला की त्याचे प्रहरही लांबतात आणि रात्रीचे आखडतात.

पुण्याचंच बघा. जूनच्या 21 तारखेला सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि सव्वासातच्या आसपास मावळतो. दिवस सव्वातेरा तासांचा, म्हणजे एक प्रहर जवळजवळ 3 तास 18 मिनिटांचा. पहिला संपतो 9.18ला, दुसरा 12.36ला, तिसरा 3.54ला. डिसेंबरच्या 21 तारखेला सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, दिवस अकरा तासांचाच, आणि प्रहर पावणेतीन तासांचा. तेव्हा पहिला 9.48ला, दुसरा 12.33ला आणि तिसरा 3.18लाच संपतो. तिसऱ्यात छत्तीस मिनिटांचा फरक पडला, दुसरा मात्र जवळपास जागचा हलला नाही. कारण दुसऱ्या प्रहराचा शेवट म्हणजे खरा मध्यान्ह. तो बाराला न येता साडेबाराच्या पुढे येतो, कारण आपली घड्याळं 82.5 रेखांशावर लावलेली आहेत आणि पुणं त्याच्या बरंच पश्चिमेला आहे. पेशवाईत ही प्रमाणवेळ नव्हतीच, त्यामुळे त्या काळचा मध्यान्ह आजच्या घड्याळात बसवताना हा अर्धा तास मिळवावाच लागतो.

घटकांचं गणित वेगळं. घटका 24 मिनिटांची, बारा महिने तेवढीच. म्हणून ‘साडेसात घटकांचा प्रहर’ हे सरासरीचं बोलणं आहे. जूनमध्ये दिवसाच्या प्रहरात सव्वाआठ घटका भरतात, डिसेंबरमध्ये सातही पुरत्या भरत नाहीत.

वाचताना आणखी एक जपा. ‘तिसऱ्या प्रहरी’ म्हटलं की तो सगळा पट्टा, जूनमध्ये 12.36 ते 3.54. ‘तीन प्रहर दिवस’ म्हटलं की तेवढा दिवस उलटून गेला, म्हणजे 3.54चा सुमार.

रात्रीच्या नोंदींत तर तारीखही घसरते. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. कागदावर ‘सोमवार, तीन प्रहर रात्र’ असेल, तर डिसेंबरच्या पुण्यात ती वेळ पहाटे पावणेचारची, आणि आपल्या कॅलेंडरवर तेव्हा मंगळवार लागलेला असतो.