तुळस कलंडली तो शॉट

अ‍ॅनिमेशनचा शॉट पाच सेकंदांचा, म्हणजे १२० फ्रेम. कोकणातलं अंगण: पुढे फणसाचा बुंधा, मध्ये घर, मागे सुपारीची बाग, आणि कॅमेरा डावीकडून उजवीकडे सरकतो. तो सरकल्याचा भास व्हायला बुंधा, घर आणि बाग वेगवेगळ्या लेयरवर हवेत, म्हणजे प्रत्येक कमी-जास्त सरकवता येतं. चित्र मात्र सगळं एकाच लेयरवर रंगवून आलं होतं, सोबत निरोप, "फक्त कापायचंय." कापायला वेळ लागत नाही हो. कापल्यावर मागे जे भोक पडतं ते कोणी रंगवायचं, हे मात्र कोणी बोलत नाही.

लेयर किती सरकवायचा हे कॅमेऱ्यापासूनच्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात ठरतं. बुंधा ५ मीटरवर, घर १२वर आणि बाग ६०वर धरली. बुंधा ९६० पिक्सेल सरकवला, तर घर ४०० आणि बाग ८०. म्हणजे बुंधा घरापेक्षा ५६० जास्त सरकतो, आणि त्याची स्वतःची रुंदी ४००च आहे. त्यामुळे त्याच्या आडचं घर सगळंच्या सगळं रंगवून घ्यावं लागलं. घराआडची बाग मात्र ३२० पिक्सेलच उघडी पडते. मूळ चित्र मधल्या फ्रेमचं धरलं, की दोन्ही कडांना १६०-१६० रंगवून भागतं.

एवढं करून चालवून पाहिलं, तर फणस अंगणावरून घसरत चाललेला! कारण अंगण मी घराला चिकटवलं होतं. जोत्याशी जमीन ४००च सरकायला हवी, पण बुंध्याशी ९६०. सपाट जमिनीचं एक बरं असतं, क्षितिजापासून जितकं खाली याल तितकं सरकणं सरळ प्रमाणात वाढतं. आमचं क्षितिज वरून ३८० पिक्सेलवर, जोतं ६३०वर, बुंध्याचं मूळ ९८०वर. दोन्हीकडे हिशेब एकच: क्षितिजाखालच्या दर पिक्सेलला १.६. म्हणजे अंगणाचे पट्टे पाडायची गरजच नाही. अख्ख्या लेयरला शिअर दिला, की वरची कड कमी सरकते, खालची जास्त. फणस जमिनीला धरून राहिला.

आणि तुळशीवृंदावन कलंडलं. ते अंगणातच रंगवलेलं होतं. पाया ७८०वर, म्हणून ६४० सरकला, माथा जोत्याच्या ओळीत, तो ४००च. शिअर चालतो तो जमिनीवर पसरलेल्या गोष्टींना, उभ्या वस्तूला नाही. वृंदावन कापून वेगळं केलं, ६४० सरळ सरकवलं, खालचं सारवण रंगवून घेतलं. सावली अंगणातच ठेवली, ती जमिनीवरचीच.

ओटीच्या पायऱ्या राहिल्याच. तळाची पायरी जोत्यापेक्षा ४० पिक्सेल खाली, तिथलं अंगण ४६४ सरकतं. पायऱ्या घराबरोबर ४००च. फरक दर फ्रेमला जेमतेम अर्धा पिक्सेल. पायथ्याशी झेंडूची रोपं लावून कड झाकली. मंजुरीत कोणी काही बोललं नाही. माझी नजर दर वेळी त्या झेंडूवरच जाते.