विमा काढला होता, तरी पैसे का बुडाले?

'ताई, सहा-सात लाखांचा तिकिटाचा कार्यक्रम ठरवतोय. रद्द झाला तर काय, म्हणून विमा काढावा का? आणि त्यात नेमकं काय मिळत नाही?'

हे विचारणाऱ्या प्रत्येकाला माझा डिसेंबर 2024 अर्धवट ठाऊक असतो. 'तुमचे पैसे कंपनीनं बुडवले ना?' असं वर म्हणतातही. बुडवले नाहीत. पॉलिसी मी वाचली नव्हती, म्हणजे वाचली होती, पण फक्त पहिलं पान.

शनिवार, 28 डिसेंबर. नऊशे खुर्च्यांचं नाट्यगृह, जुन्या गाण्यांची मैफल, साडेसातशे तिकिटं गेलेली. गुरुवारी रात्री डॉ. मनमोहन सिंग गेले आणि सात दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला. शुक्रवारी सकाळी गायिकेचा फोन आला, 'उद्या सकाळी अंत्यसंस्कार आणि संध्याकाळी मी गाणार? मला नाही जमायचं.' मलाही ते पटलं. तासाभरात 'रद्द' असा मेसेज पाठवला आणि मनात म्हटलं, बरं झालं, विमा काढलाय.

सोमवारी दावा तपासायला विमा कंपनीनं पाठवलेले सर्व्हेअर आले. सभ्य गृहस्थ होते, चहाही घेतला. त्यांनी एकच कागद मागितला, 'कार्यक्रम करू नका असं तुम्हाला लेखी कोणी कळवलं?' कोणीच नाही. नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांना विचारलं, तर ते म्हणाले, आमचं दार उघडं होतं, शनिवारी दुपारी बालनाट्याचा प्रयोगही झाला. दुखवट्यात झेंडा अर्ध्यावर येतो, सरकारी करमणुकीचे कार्यक्रम बंद होतात. खासगी तिकिटाच्या मैफलीला त्यानं आपोआप बंदी येत नाही. आणि पॉलिसीतलं वाक्य असं, की आयोजकाच्या हाताबाहेरच्या कारणानं कार्यक्रम रद्द करणं *भाग पडलं* पाहिजे. मला भाग पडलं नव्हतं. मला बरं वाटलं नव्हतं.

'पण कलाकार न येण्याचं कलम मी जास्तीचे पैसे भरून घेतलंय!' मी आवाज चढवला. त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. मृत्यू, आजार, अपघात, प्रवासात अडकणं. मन नसणं त्यात नव्हतं.

हप्ता पंधरा हजार, त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे 17,700. विमा पूर्ण खर्चाचा, 6,40,000 चा. प्रत्यक्षात बुडाले किती? भाडं 65,000, ध्वनी-प्रकाशाची आगाऊ रक्कम 50,000, जाहिरात 70,000, वादकांची प्रवास-तिकिटं 40,000, तिकीट विक्रीचं कमिशन 25,000. अडीच लाख. गायिकेनं आगाऊ घेतलेले पैसे परत केले, जेवणावळीवाल्यानं एक पैसा घेतला नाही. म्हणजे जे बुडूच शकत नव्हतं त्याचाही हप्ता मी भरला होता. शिवाय दर दाव्यात विमा रकमेचे पहिले पाच टक्के, 32,000, माझेच होते. दावा मंजूर झाला असता तरी 2,18,000 मिळाले असते.

त्या वेळची मी म्हणायची, विमा म्हणजे शांत झोप. अगं बाई, झोप कसली, तू पावती उशाशी घेऊन झोपलीस. पण तिचं सगळंच चूक नव्हतं. गायिका खरंच आजारी पडली असती, नाट्यगृहाला आग लागली असती, तर त्याच कागदानं पैसे दिले असते.

आता दलालाला मी 'काय मिळतं' हे विचारतच नाही. तिकिटं न खपणं, पैसे कमी पडणं, कलाकाराशी बिनसणं, पोलीस परवानगी किंवा ध्वनिक्षेपकाचा परवाना वेळेवर न काढणं, यातलं काहीही सहसा धरत नाहीत. पॉलिसी घेताना माहीत असलेली अडचणही नाही. 2020 नंतर साथीचे रोग बहुतेक ठिकाणी सरळ वगळलेले असतात. दहशतवाद आणि खराब हवामान वेगळे पैसे भरून घ्यावे लागतात. त्यातही पावसामुळे लोक आले नाहीत, तर ते रद्द होणं नव्हे. मंच उभा राहणं अशक्य किंवा धोक्याचं झालं तरच दावा उभा राहतो.

म्हणून बंदिस्त नाट्यगृहासाठी मी विमा काढत नाही. त्याऐवजी नाट्यगृहाकडून आणि कलाकाराकडून 'तारीख पुढे ढकलल्यास आगाऊ रक्कम वळती होईल' असं लेखी घेते. त्याला खर्च नाही, फक्त तोंड वाजवावं लागतं. या ऑक्टोबरात मात्र मैदानावर कार्यक्रम आहे आणि परतीचा पाऊस कोणाच्या बापाचं ऐकत नाही. हवामानाच्या कलमासकट विमा काढलाय, फक्त बुडू शकणाऱ्या रकमेचा. या वेळी सगळी पानं वाचली. सातव्या पानावरच्या 'वाजवी खबरदारी'चा अर्थ दलालाला दोनदा विचारला. मंडप ताडपत्रीचा हवा की पत्र्याचा, हे त्यानं अजून लेखी दिलेलं नाही.