बोअरचं पाणी किती जड? घरीच तपासलं, त्याचा अनुभव

पुण्यात आमच्या सोसायटीत स्वयंपाकघराच्या नळाला महापालिकेचं पाणी येतं आणि बाथरूमला बोअरचं. गीझरची कॉइल पांढऱ्या थराने माखून जळाली, तेव्हा पाण्याचा जडपणा काढणारं सॉफ्टनर यंत्र विकायला आलेल्या गृहस्थांनी पाण्यात टीडीएस मीटर बुडवून मोठा आकडा दाखवला. पण तो मीटर पाण्यातले सगळेच विरघळलेले क्षार एकत्र धरतो. साध्या मिठाच्या पाण्याचाही टीडीएस भरपूर येतो, मात्र मिठाचा थर कॉइलवर बसत नाही. थर बसतो तो मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे. यांनाच पाण्याचा जडपणा म्हणतात, म्हणून मी तेवढंच मोजायचं ठरवलं.

सुरुवात साबणाने केली, कारण जड पाण्यात त्याचा फेस सहज होत नाही. इथे लिक्विड हँडवॉश, शाम्पू किंवा कपड्यांची पावडर चालत नाही, कारण त्यांचा फेस जड पाण्यातही होतो. वेष्टनावर ‘टॉयलेट सोप’ आणि टीएफएम, म्हणजे साबणातला स्निग्धांश, ७६ टक्के असं लिहिलेली वडी घेतली; ‘बेदिंग बार’ टाळला, कारण त्यात डिटर्जंट मिसळलेलं असू शकतं. २ ग्रॅम कीस २०० मिली कोमट डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवला. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळतं तेच हे पाणी. मग तीन सारख्या बाटल्यांत प्रत्येकी ५० मिली पाणी घेतलं: डिस्टिल्ड, महापालिकेचं आणि बोअरचं. बिनसुईच्या सिरिंजने साबणपाणी थोडं थोडं घालायचं, झाकण लावून जोरात हलवायचं आणि फेस मिनिटभर टिकतो का ते पाहायचं. मॅग्नेशियम जास्त असेल तर फेस आल्यासारखा वाटतो आणि लगेच विरतो, तो धरायचा नाही.

डिस्टिल्डला अर्धा मिली पुरलं, महापालिकेच्या पाण्याला २ मिली लागलं आणि बोअरच्या पाण्याला १४. बोअरच्या बाटलीत फेसाआधी पांढरट साका तरंगू लागला. साबण कॅल्शियमशी बांधला जाऊन जो साका होतो, तोच टाइल्सवर चिकटतो. खात्रीसाठी बोअरचं पाणी डिस्टिल्डने निम्मं पातळ करून पुन्हा पाहिलं, तर साबणही साधारण निम्माच लागला. याचा अर्थ पद्धत ठीक चालली होती. मात्र साबणाने तुलना कळते, नेमका आकडा कळत नाही.

त्यासाठी हार्डनेसच्या पट्ट्या आणल्या. पट्टी क्षणभर बुडवायची, झटकायची आणि डबीवर सांगितलेल्या सेकंदांनीच रंग जुळवायचा. उशीर झाला की रंग बदलत जातो. माझ्या डबीवर २५, ५०, १२०, २५० आणि ४२५ अशा पायऱ्या होत्या, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. महापालिकेचं पाणी ५० च्या आसपास आलं. बोअरच्या पाण्याने थेट शेवटचा रंग गाठला, आणि शेवटच्या रंगावर विसंबता येत नाही, कारण खरा आकडा त्याहून कितीही मोठा असू शकतो. म्हणून निम्मं पातळ करून पट्टी लावली. रंग १२० आणि २५० च्या मध्ये, २५० कडे झुकलेला. म्हणजे सुमारे २००, दुप्पट केल्यावर ४००. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक २०० ला योग्य मानतं आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं.

पण गीझरसाठी ४०० हा आकडा पुरेसा नाही. हे सगळं गरम केल्यावर खाली बसत नाही. बायकार्बोनेटच्या रूपातला जडपणा तापवल्यावर थर होतो, सल्फेट-क्लोराइडचा पाण्यातच राहतो. म्हणून बोअरचं पाणी दहा मिनिटं उकळलं, थंड करून कापडातून गाळलं, आटलेलं डिस्टिल्डने भरून काढलं आणि पट्टी लावली. आता सुमारे २०० आलं. लिटरमागे २०० मिलिग्रॅम थर होऊ शकणारा भाग निघाला. रोज १०० लिटर गरम पाणी धरलं तर कमाल मर्यादा २० ग्रॅम! गीझर पाणी उकळत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात यातला थोडाच भाग बसतो, पण तापमान वाढवलं की तो वाढतो. आमचा थर्मोस्टॅट अगदी वर होता. तो ५५ अंशांवर आणला आणि वर्षातून एकदा टाकी उघडून कॉइल साफ करायचं ठरवलं. त्या वेळी टाकीला गंजण्यापासून वाचवणारा ॲनोड रॉडही पाहून घ्यायचा.

वॉशिंग मशीनचं उत्तर सोपं निघालं. तिचा पाइप प्लंबरकडून महापालिकेच्या लाइनला जोडून घेतला आणि पावडर कमी लागू लागली. शेजारच्या काकूंकडे डिशवॉशर आहे आणि त्याला बोअरचंच पाणी येतं. त्यात जडपणा जर्मन अंशांत भरायचा असतो. ४०० ला १७.८ ने भागलं की साधारण २२ येतात. त्यांनी सेटिंग तेवढं केलं आणि मिठाचा कप्पा भरला. घरभराचा सॉफ्टनर मात्र मी घेतला नाही. जड पाण्याची अडचण आता फक्त गीझरपुरती उरली आहे, आणि तिच्यासाठी वर्षाची साफसफाई पुरते. उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की पट्टी पुन्हा लावणार आहे, कारण टँकरचं पाणी कुठल्या विहिरीचं असतं त्यावर सगळं बदलतं.