जेटीवरचा थांबा कुणाच्या खात्यात?

दापोली-गुहागर पट्ट्यात इन्व्हर्टर दुरुस्तीची फिरती करतो. पेट्रोलचा हिशोब मागायला लागले तेव्हा फोनमधली लोकेशन हिस्टरीच बाहेर काढली. गुगलकडून मिळालेल्या जुन्या `Records.json` फाइलमध्ये ठिपकेच ठिपके होते. प्रत्येकाला वेळ, `latitudeE7`, `longitudeE7` (एक कोटीने भागलं की अंश मिळतात) आणि `accuracy`, म्हणजे ठिपका किती मीटर इकडेतिकडे असू शकतो ते. कुठे थांबलो आणि कुठून कुठे गेलो, हे त्यातून आपणच काढायचं.

मूळ युक्ती सोपी आहे. एका ठिपक्यापासून १५० मीटरच्या आत निदान १० मिनिटं राहिलो, तर तो थांबा. दोन थांब्यांमधला भाग म्हणजे फेरी.

```python
def stops(p, R=150, T=600):
    out, i = [], 0
    while i < len(p):
        j = i + 1
        while j < len(p) and dist(p[i], p[j]) <= R:
            j += 1
        if p[j-1].t - p[i].t >= T:
            out.append((i, j-1)); i = j
        else:
            i += 1
    return out
```

१० मिनिटंच का? माझा चहा पाच-सात मिनिटांत आटपतो, आणि नुसती बॅटरी तपासायची म्हटली तरी पाव तास जातो. मर्यादा त्या दोन्हींच्या मध्ये बसवली. दुसऱ्या कुणाच्या कामाला हा आकडा चालेलच असं नाही.

पहिली अडचण आली ती चिऱ्याच्या घरांची. जाड भिंतींच्या आत उपग्रहाचा सिग्नल मरतो आणि फोन टॉवरवरून अंदाज बांधतो; `accuracy` हजाराच्या घरात जाते. १०० मीटरच्या वरचे ठिपके गाळले, तर घरातले सगळेच गेले. अंगणात शिरतानाचा आणि निघतानाचा ठिपका चांगला असेल तर वरचा कोड थांबा पकडतो. पण पुष्कळदा फोन जागा होतो तो किलोमीटरभर पुढे गेल्यावर. मग थांबा गायब. तिथे वेगाची मदत घेतली: ५० मिनिटांची पोकळी आणि अंतर १.१ किलोमीटर, म्हणजे ताशी १.३ किलोमीटर. एवढ्या हळू तर माणूस चालतसुद्धा नाही, तेव्हा मधे कुठेतरी थांबलोच असणार. पोकळीतला सरासरी वेग ताशी ३ च्या खाली असेल तर तिथे थांबा धरायचा, मात्र नेमका कधी सुरू झाला ते कळत नाही, म्हणून त्यावर खूण करून ठेवली.

वेगाची उलटी बाजू खाडीकाठी दिसली. दाभोळला बसलेला असताना फोन मधेच पलीकडचा टॉवर पकडतो आणि ठिपका पाण्यापलीकडे उडी मारून परत येतो. १५ सेकंदांत १.६ किलोमीटर म्हणजे ताशी ३८४. असली उडी कुठलीही चाळणी अडवते. पण तेच अंतर दोन मिनिटांनी आलेल्या ठिपक्यात पडलं की वेग होतो ४८, म्हणजे माझ्या बाईकचाच! अशा उड्या वेगावरून ओळखायला जाऊच नये. मागचा आणि पुढचा ठिपका एकमेकांजवळ, मधला एकटा लांब, असं दिसलं की मधला काढायचा. नाही काढला तर एका थांब्याचे दोन तुकडे होतात आणि मधे नसलेली फेरी उगवते.

यादी पाहून आमच्या हिशोबनीस काकांनी विचारलं, "अरे, दाभोळला जेटीवर कुणाचा इन्व्हर्टर बसवलास?"

कुणाचाच नाही. त्या दिवशी ९:५२ ला जेटीवर पोचलो तेव्हा फेरीबोट नुकतीच सुटली होती. १०:१७ ला बाईक चढवली, म्हणजे २५ मिनिटं एकाच जागी. नियमाने तो पक्का थांबा, आणि दापोली-गुहागर या एका फेरीच्या दोन झाल्या. वेळेची मर्यादा ३० मिनिटांवर न्यावी, तर खरी पाव-पाव तासाची कामं बुडतात. खाडीतला प्रवास उलट बिनतक्रार गेला: ताशी ८-१० वेग, बाईकच्या मानाने रखडत, पण थांबा नव्हे, कारण दर ठिपक्याला जागा पुढे सरकतेय.

किती वेळ बसलो हे आकडा सांगतो, कशासाठी ते नाही. म्हणून जेटीसाठी वेगळा नियम केला. थांबा दाभोळ किंवा धोपावे जेटीच्या १५० मीटरच्या आत असेल आणि पुढच्या फेरीतले ठिपके खाडी ओलांडून समोरच्या जेटीवर निघत असतील, तर थांबा पुसायचा आणि दोन्ही फेऱ्या जोडायच्या. समोर न जाता तिथूनच मागे फिरलो असेन, तर थांबा राहू द्यायचा. पेट्रोलच्या किलोमीटरमधून बोटीवरचं अंतर मात्र वजा करावं लागतं. काकांच्या नजरेतून ते सुटत नाही.

यातूनही एक गिऱ्हाईक निसटतं. त्याचं दुकान जेटीच्या अगदी तोंडाशी आहे. तिथलं काम संपवून मी सरळ बोटीत चढतो, आणि नियम त्याची भेट पुसून टाकतो. त्या तारखा मी बिलबुकातून बघून हाताने भरतो.