बाबू गेनूचा पोवाडा : कटाव आणि गद्य यांची जागा ठरली

पोवाड्याच्या मधल्या चौकांचा आराखडा आता पक्का झाला आहे आणि लालबागमध्ये आमच्या चाळीच्या गच्चीवर तो डफावर म्हणून पाहण्याइतपत बसलाही आहे. विषय काळबादेवीचा आहे. १२ डिसेंबर १९३० रोजी विदेशी कापडाने भरलेली लॉरी पोलीस बंदोबस्तात बाहेर पडली आणि वयाची पंचविशीही न गाठलेला, आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ या गावाहून आलेला गिरणी कामगार बाबू गेनू तिच्या वाटेत आडवा झाला. लॉरी थांबली नाही.

या कथेत शाहिराची अडचण पहिल्याच चौकात समोर येते. अज्ञानदासाचा अफझलखान वधाचा पोवाडा किंवा तुळशीदासाचा तानाजीचा पोवाडा घेतला, तर तिथे नायक चालून जातो, चढतो, वार करतो आणि वार झेलतो. क्रियापदे स्वतःच धावत असतात. आपला नायक मात्र जागचा हलत नाही, आणि न हलणे हाच त्याचा पराक्रम आहे. मग डफाचा वेग कुणाला द्यायचा? माझे उत्तर असे की, जे धावते आहे त्याला द्यायचा : भोंग्याला, गर्दीला, लॉरीला. बाबूभोवतीचे सगळे जग पळते ठेवायचे आणि त्याच्यापाशी आले की लय थांबवायची.

चौकाची चाल आठ मात्रांच्या आवर्तनात बांधली आहे. पहिल्या चौकातील दोन ओळी अशा आहेत :

डोंगर सोडुन पोर निघाला, पोटासाठी मुंबैला
भोंगा झाला, पाय धावले, साचा बोले हाताला

प्रत्येक ओळीत आठ, आठ, आठ आणि सहा अशा तीस मात्रा येतात व उरलेल्या दोन मात्रा मागे सूर धरणाऱ्या झीलकऱ्यांच्या ‘जी’साठी मोकळ्या राहतात. ‘मुंबईला’ असे लिहिले तर शेवटच्या गटात सात मात्रा होतात आणि ‘जी’ चेंगरते, म्हणून तोंडातले ‘मुंबैला’च ठेवले. जुन्या पोवाड्यांत ओळी इतक्या काटेकोर नसतात. शाहीर एखादी ओळ लांबवतो, एखादी गिळतो आणि ‘जी’च्या आधारावर पुन्हा समेवर येतो. ते स्वातंत्र्य गळा तयार झाल्यावर घ्यावे, पण कागदावर हिशेब असलेला बरा, असे माझे मत आहे. मात्रांपेक्षाही मी जपले ते हे की, डफाची मुख्य थाप जिथे पडते तिथे शब्द सुरू झाला पाहिजे. ‘डोंगर’, ‘पोर’, ‘पोटासाठी’, ‘मुंबैला’ हे चारही शब्द थापेवरच उभे आहेत. शब्दाच्या पोटात थाप पडली की मात्रा बरोबर असूनही ओळ अडखळते, आणि ती अडखळण वाचताना कळत नाही, फक्त म्हणतानाच कळते.

श्वासाचा हिशेबही याच चालीतून निघतो. जलद लयीत सेकंदाला साधारण चार मात्रा पडतात, म्हणजे एक ओळ ‘जी’सह आठ सेकंदांची होते. चढ्या आवाजात दोन ओळी एका दमात काढणे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे, त्यामुळे ओळीच्या शेवटचा ‘जी’ ही केवळ सजावट राहत नाही. झीलकरी ‘जी’ उचलतात तेवढ्यात शाहीर दम घेतो. ‘जी जी र जी’ अशी पूर्ण झील एक आवर्तन खाते, म्हणजे दोन सेकंद मिळतात, आणि तेवढे पुरतात.

कटावात, म्हणजे पोवाड्याच्या जलद तुकड्यात, ही सोय नाही. तिथे ओळीमागे ‘जी’ येत नाही, आठ मात्रांचे तुकडे एकमेकांच्या पाठीवर पाय देऊन येतात आणि यमकही दर तुकड्याला लागते :

लॉरी सुटली, गर्दी उठली,
शिट्टी फुटली, फळी न तुटली

असे आठ तुकडे मी केले आहेत, म्हणजे चौसष्ट मात्रा, सोळा सेकंद. चौथ्या तुकड्यानंतर दम चोरावाच लागतो. म्हणून ‘फळी न तुटली’ हा अर्थाने पूर्ण होणारा तुकडा मुद्दाम तिथे आणला, जेणेकरून थांबा कथेचा वाटावा, दमाचा वाटू नये.

आता मुख्य प्रश्न. पहिल्या खर्ड्यात चाक अंगावरून जाण्याचा प्रसंगही याच कटावात होता, कारण सगळ्यात मोठा प्रसंग सगळ्यात जलद लयीत हवा असे स्वाभाविकपणे वाटते. गच्चीवर तो म्हटला तेव्हा ऐकणाऱ्यांच्या टाळ्या लयीत पडू लागल्या आणि मृत्यूच्या ओळीवरही त्या थांबल्या नाहीत. डफ धरणारे काका म्हणाले, “अरे, माणूस मेला तिथे, आणि तुझी तर वरात चाललीय. डफ ठेवू का मी खाली?” हा प्रश्नच तोडगा ठरला. कटाव आता लॉरी पुढे सरकण्यापाशी तुटतो. डफ थांबतो, पण तुणतुणे चालू राहते, म्हणजे सूर हातचा जात नाही आणि पुढे गाणे उचलताना चाचपडावे लागत नाही. त्यावर गद्य येते : “लॉरी पुढं. बाबू पुढं. वाट एक. एकानं बाजूला व्हायचं होतं, मंडळी. बाबू झाला नाही.” चाकाचा उल्लेख मी काढून टाकला, ‘झाला नाही’नंतर डफाची एकच थाप पडते आणि तिच्यातच ते सारे येते. गद्याची वाक्ये आखूड ठेवण्यामागे कारण आहे. लांब वाक्य बोलताना आवाज भाषणाच्या पट्टीत जातो आणि पोवाड्याचा सूर सुटतो. शेवटचा शब्द तुणतुण्याच्या सुरावर सोडायचा, हा नियम मी स्वतःपुरता केला आहे.

थापेनंतर झीलकरी धृपद उचलतात :

आड उभा तो बाबू गेनू, जी जी र जी

‘बाबू गेनू’ या नावाच्या चार दीर्घ अक्षरांत नेमक्या आठ मात्रा भरतात. पूर्ण आवर्तन व्यापणारे नाव आयते मिळणे हे शाहिराचे भाग्यच, आणि म्हणूनच ते आधीच्या चौकांत उधळायचे नाही असे ठरवले. तिथे तो ‘पोर’, ‘गडी’, ‘गिरणीवाला’ असा येतो. गद्यात नुसता ‘बाबू’ येतो, पूर्ण नाव प्रथम या धृपदात. तो आडवा झाला होता, मग ‘उभा’ कसा, असे कुणी विचारील. मृत्यूनंतरच्या ओळीत तो उभाच असावा, असा माझा हट्ट आहे.

एक व्यावहारिक नोंद. मुंबईच्या दमट हवेत डफाचे कातडे सैल पडते आणि थाप ‘भद्’ अशी येते. तालमीपूर्वी कागद पेटवून डफ दुरून शेकला की आवाज खुलतो, पण तो तासभरही टिकत नाही. तेव्हा कटावाचा सराव आधी उरकावा, संथ चौक नंतर घ्यावेत.

बाकी आहे तो शेवटचा चौक. रिवाजाप्रमाणे त्यात शाहिराची नाममुद्रा यायला हवी, आणि माझे नाव आडनावासह अकरा मात्रांचे भरते. आडनाव गाळावे, की ओळच वेगळ्या चालीत घ्यावी, हे पुढच्या तालमीत दोन्ही म्हणून पाहिल्यावर ठरवीन.